नव्या डॉक्टरच्या स्वागतपत्रात "गरज पडली तर फोन करा" एवढं पुरतं का?

घाटाखालची

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या एका रुग्णालयात मेडिसिन विभागाची प्रमुख आहे. सोमवारी आमच्या युनिटला नवीन रेसिडेंट रुजू होतोय. एमबीबीएस यवतमाळकडे झालं, आता तीन वर्षं आमच्याकडे. रुजू होण्याच्या दिवशी नव्या डॉक्टरला मी स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून देते. हे बरीच वर्षं चाललंय. पत्र साधारण असं असतं:

"प्रिय डॉक्टर, तुमचं मनापासून अभिनंदन आणि आपल्या युनिटमध्ये स्वागत. इतक्या मेहनतीने मिळवलेल्या जागेसाठी तुम्ही आमचं युनिट निवडलंत याचा आम्हाला आनंद आहे. मंगळवार आणि शुक्रवार आपला इमर्जन्सीचा दिवस. सकाळचा राउंड आठला. सिस्टरांचं ऐकत जा, जेवण चुकवू नका. रात्री गरज पडली तर मला कधीही फोन करा."

शेवटचं वाक्य मी अगदी मनापासून लिहायची, आणि त्याच वाक्याने चार वर्षांपूर्वी घात केला असता.

श्रावणातली रात्र. लावणीला आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मजूर. पडवीत जमिनीवर झोपला होता, दीडच्या सुमारास पोटात कळ येऊन उठला, दोन उलट्या झाल्या. अडीचला कॅज्युअल्टीत आला. ड्यूटीवरच्या डॉक्टरचा रुजू होऊन सहावा दिवस. पोट मऊ, बीपी ठीक, ऑक्सिजन ९८. त्याने ॲसिडिटीचं आणि कळ थांबायचं इंजेक्शन दिलं आणि नजरेखाली ठेवलं, हेही बरोबरच केलं. साडेतीनला पेशंट म्हणाला, गिळताना घशात अडकतंय. सव्वाचारला सिस्टर म्हणाल्या, याचे डोळे अर्धे मिटलेत. पावणेपाचला आवाज नाकातून यायला लागला. पाच वीसला ओठाच्या कडेने लाळ आणि ऑक्सिजन ८४.

सिस्टरांनी अंबू लावला, वरून रजिस्ट्रार धावत आला, नळी घातली. मण्यार चावली होती. दंशाची खूण शेवटपर्यंत सापडली नाही. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर राहून तो मुलगा चालत घरी गेला. त्या रात्री आमचं एक व्हेंटिलेटर रिकामं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा केसपेपर वाचला. सव्वाचारच्या नोंदीत नवीन डॉक्टरच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: "दोन्ही पापण्या जड." त्याला दिसलं होतं. त्याने लिहून ठेवलं होतं. फक्त मला फोन केला नव्हता. मी शांतपणे विचारलं, का नाही केलास? तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही लिहिलं होतं गरज पडली तर. ही गरज आहे का, तेच मला ठरवता येत नव्हतं. सहाला रजिस्ट्रार सर येणारच होते."

तेव्हापासून ते वाक्य मला टोचतं. ज्याला सगळ्यात कमी अनुभव, त्याच्यावरच गरज ओळखायचं काम मी टाकलं होतं. पत्र मला द्यायचंच आहे, अभिनंदनही करायचंय. पण त्या एका ओळीच्या जागी काय लिहू? तुमच्यात डॉक्टर, सिस्टर, पेशंटचे नातेवाईक सगळे आहेत. सांगा.

शब्दसुमन

मॅडम, फार सुंदर उपक्रम. स्वागत समारंभासाठी माझ्याकडे काही ओळी तयार आहेत, आमच्या शाळेत मीच सूत्रसंचालन करतो. सुरुवात दीपप्रज्वलनाने करा, मग पुष्पगुच्छ, मग तुमचं मनोगत पाच मिनिटं, मग नव्या डॉक्टरांचं मनोगत. शेवटी सर्व कर्मचाऱ्यांचा एकत्र फोटो. शिपाई, सफाई कामगार यांनाही पुढच्या ओळीत उभं करा, नव्या माणसाला सगळ्यांची ओळख एका दमात होते.

घाटाखालची

@शब्दसुमन, समारंभ नाहीये हो, पत्रच आहे. पण तुमची शेवटची सूचना मी घेतेय. रात्री दोन वाजता ऑक्सिजनचा सिलिंडर कोण आणतं, रक्तपेढीत कोण धावतं, त्या मामांचं नाव नव्या डॉक्टरला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं. सोमवारच्या राउंडला तिन्ही पाळ्यांच्या लोकांशी ओळख करून देईन.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ, गेली अठरा वर्षं आयसीयू बघतोय. तुमचं निदान अचूक आहे मॅडम. "गरज पडली तर" या शब्दांत निर्णय मागितलाय. तिथे डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असं काहीतरी लिहा. पापणी बुबुळावर उतरली की फोन. आवाज नाकातून आला की फोन. त्यात "मला वाटतं" असं काहीच नाही, म्हणून लाजही नाही.

मण्यारीसाठी मी आमच्या मुलांना एकच गोष्ट करायला लावतो. पेशंटला सांगायचं, खोल श्वास घे आणि एका श्वासात एकपासून मोजत जा. कितीपर्यंत पोचला तो आकडा आणि वेळ पेपरवर लिहायची. पंधरा मिनिटांनी परत. समजा पहिल्यांदा पंचवीस, मग वीस, मग चौदा. ऑक्सिजन अजून ९८ च दाखवत असतो! बोटावरचं यंत्र सगळ्यात शेवटी सांगतं. तोवर छातीचे स्नायू थकत आलेले असतात. दुसरं, उशीवरून मान उचलून धरायला सांगा. मान उचलता येत नसेल तर नळीची तयारी आधी, बाकीचं नंतर.

आकडा घसरतोय हे फोनवर सांगायला सोपं आहे. "मॅडम, पेशंट बरा वाटत नाही" म्हणायला धाडस लागतं. "पंचवीसचा चौदा झाला" म्हणायला लागत नाही.

डॉ_साताऱ्याचा

मी जनरल प्रॅक्टिसमध्ये आहे, पण तालुक्याला नोकरी करताना साप भरपूर पाहिले. एवढं पाल्हाळ कशाला? पत्रात एक ओळ लिहा: शंका आली की २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. काचेच्या नळीत दोन मिली रक्त, हलवायचं नाही, वीस मिनिटांनी तिरपी करायची. गोठलं तर विषारी साप नाही, पेशंटला झोपू द्या आणि तुम्हीही झोपा. न गोठलं तर अँटीव्हेनम. नव्या मुलाला इतकं पुरे. आणि चाव्याची खूण शोधायला शिकवा, दोन दात दिसतातच.

भूलवाला

@डॉ_साताऱ्याचा, चाचणीचं तुमचं वर्णन बरोबर आहे आणि ती पत्रात हवीच. पण ती घोणस आणि फुरशासाठी. त्यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. मण्यार आणि नाग नसांवर हल्ला करतात, त्यात रक्त अगदी झकास गोठतं. मॅडमच्या पेशंटची चाचणी केली असती तर वीस मिनिटांनी घट्ट गुठळी मिळाली असती, आणि तुमच्या नियमाने तो डॉक्टर झोपायला गेला असता.

खुणेचंही तसंच. मण्यारीचे दात बारीक, चावल्यावर सूज नाही, दुखत नाही. झोपेतला माणूस बहुतेक वेळा जागाही होत नाही. म्हणून तर तो पोटदुखी म्हणून येतो. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला, मध्यरात्रीनंतर पोटात कळ घेऊन आलेला माणूस मण्यारीचाच समजायचा, तो तसा नाही हे पटेपर्यंत.

डॉ_साताऱ्याचा

मान्य. आमच्या भागात घोणसच जास्त पाहिली, त्यावरून मी बोलत होतो. पोटदुखीवाला पेशंट मी कधी सापाच्या नजरेने पाहिलाच नाही, हे आत्ता वाचताना लक्षात आलं. किती जणांना इंजेक्शन देऊन घरी पाठवलं असेल, देव जाणे.

वॉर्ड_सात

मी स्टाफ नर्स. मेडिसिन वॉर्ड आणि कॅज्युअल्टी मिळून सव्वीस वर्षं झाली. मॅडम, तुमच्या गोष्टीत सिस्टरांनी सव्वाचारला सांगितलं होतं, हे कुणी बोललंच नाही. त्या सांगून थांबल्या, कारण पुढचा फोन डॉक्टरने करायचा असतो. मी असते तर मीही थांबले असते. पाच मिनिटांनी परत म्हणाले असते, डॉक्टर जरा बघता का. तिसऱ्यांदा म्हणायला जीभ रेटत नाही, नवीन डॉक्टरांना वाटतं सिस्टर आपली परीक्षा घेतात.

म्हणून पत्रात लिहा की सिस्टर थेट तुम्हाला फोन करू शकतात, आणि तो डॉक्टरचा अपमान नाही. हे त्याच्या पत्रातच लिहा, आमच्या वेगळ्या सूचनेत नको. त्याने वाचलेलं आहे हे आम्हाला माहीत असलं की आम्ही फोन उचलू.

आणखी एक. तो यवतमाळकडचा. इथल्या बायका साप म्हणत नाहीत, रात्री तर नाहीच. "जनावर चावलं" म्हणतात. घाटावरची माणसं "पान लागलं" म्हणतात. मागे एका बाहेरच्या डॉक्टरने "पान लागलं" ऐकून जेवणात काय खाल्लं होतं ते विचारत दहा मिनिटं घालवली होती. बिचाऱ्याचा दोष नव्हता. आमच्याकडचे दहा-पंधरा शब्द लिहून द्या त्याला. मी मदत करते.

काचेच्या नळ्यांचं पण सांगते. कॅज्युअल्टीच्या खणात कोऱ्या काचेच्या नळ्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. घाईत साबणाने धुतलेली नाहीतर प्लास्टिकची घेतली, तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि उगाच अँटीव्हेनम जातं.

नवखा_आर१

मी सध्या पहिल्या वर्षाला आहे, दुसऱ्या शहरात. तुमच्या त्या डॉक्टरच्या जागी मीच आहे असं वाटलं वाचताना.

माझ्या स्वागताला पण "एनी टाइम कॉल मी" होतं. तिसऱ्या रात्री मी फोन केला, एका पेशंटचं पोटॅशियम २.६ आलं होतं. पलीकडून आलं, "एवढंही येत नाही? पुस्तक उघड." फोन बंद. मी पुस्तक उघडलं, उत्तरही मिळालं. पण त्यानंतर तीन महिने मी रात्री कुणालाही फोन केला नाही. जे सुचेल ते करायचो आणि सकाळ व्हायची वाट बघायचो. पेशंट सुदैवाने सगळे तरले.

मॅडम, पत्रात काहीही लिहा, तो पहिला फोन तुम्ही कसा उचलता त्यावर सगळं आहे. एका रात्रीत आम्हाला कळतं कोणाला फोन करायचा आणि कोणाला नाही. त्या दोन याद्या आम्ही ज्युनिअरनाही देतो.

भूलवाला

@नवखा_आर१ शी पूर्ण सहमत. आमच्याकडे फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "बरं केलंस फोन केलास, बोल." झोपेत असलो तरी तेच. विचार करून दयाळू होण्याइतकं भान रात्री तीनला कुणालाच नसतं, म्हणून वाक्य पाठ असावं.

आणि करणाऱ्यालाही चार वाक्यं पाठ द्या. कुठल्या कॉटचा पेशंट, काय दिसतंय, मी काय केलं, मला तुमच्याकडून काय हवं. चौथं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मुलं तीन सांगून गप्प बसतात आणि पलीकडचा "ठीक आहे, बघत राहा" म्हणतो. "मॅडम, तुम्ही इथे यायला हवं आहात" हे वाक्य त्याला मोठ्याने म्हणायला लावा, राउंडला, सगळ्यांसमोर, एकदा.

माळरान

मी डॉक्टर नाही, शेतकरी. माझा अनुभव सांगतो, विषयाला धरून आहे का बघा.

आईला सोयाबीन काढताना घोणस चावली होती. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पाय मांडीपर्यंत सुजला, हिरडीतून रक्त. डॉक्टर अगदी पोरगेला. त्याने नळीत रक्त घेतलं, घड्याळ बघत बसला आणि मग आमच्यासमोरच मोठ्या डॉक्टरला फोन लावला. माझा भाऊ भडकला, म्हणाला याला काही येत नाही, हा विचारून विचारून करतोय, चला मोठ्या गावाला. गाडी बोलावली होती आम्ही. तेवढ्यात तिथल्या सिस्टर म्हणाल्या, दादा, विचारतोय म्हणजे दोन डॉक्टर बघतायत तुमच्या आईला, एक नाही. भाऊ खाली बसला. त्यांनी दहा बाटल्या औषध सलाइनमधून तासाभरात सोडलं, सहा तासांनी परत रक्त बघितलं. आई आज शेतात जाते.

तेव्हा तुमच्या पोरग्या डॉक्टरला सांगा, नातेवाइकांसमोर फोन केला तर ओरडा बसेल. त्याने काय बोलायचं तेही लिहून द्या. गाडीत अर्धा तास गेला असता तर आईचं काय झालं असतं?

घाटाखालची

@माळरान, अगदी विषयाला धरून आहे, आणि मला हे सुचलंच नव्हतं. आमच्याकडे मुलं फोन करायला कॅज्युअल्टीच्या बाहेर जातात. मला वाटायचं आवाजामुळे. आता वाटतं नातेवाइकांमुळे. त्या सिस्टरांचं वाक्य मी जसंच्या तसं पत्रात घेते.

सहा तास थांबले ते बरोबर केलं त्यांनी. विष निष्प्रभ झालं तरी रक्त गोठवणारे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात, तेवढा वेळ द्यावा लागतो. त्याआधी तपासून घाबरून पुन्हा दहा बाटल्या द्यायची चूक नवी मुलं करतात.

दुसरा_राउंड

मी एका मेडिकल कॉलेजात लेक्चरर, म्हणजे या साखळीतला मधला माणूस. मला थोडं वेगळं म्हणायचंय.

नवीन मुलाने थेट विभागप्रमुखांना फोन करायचा, सिस्टरांनीही करायचा, मग रजिस्ट्रार आणि लेक्चरर कशाला आहेत? रात्री पहिला धावत येणार रजिस्ट्रार, कारण तो तीन मजले वर झोपलेला असतो आणि मॅडम पाच किलोमीटरवर. मॅडमना फोन झाला, त्यांनी तो परत रजिस्ट्रारला केला, यात पाच मिनिटं जातात. आणि रजिस्ट्रार दुखावतो ते वेगळंच. सकाळी राउंडला त्याच्याच पेशंटबद्दल मॅडमना त्याच्यापेक्षा जास्त माहिती असते. मग तो नव्या मुलाला शिकवणं बंद करतो. हे मी होताना पाहिलंय.

माझं मत, एकच क्रम ठेवा: आधी रजिस्ट्रार, दहा मिनिटांत आला नाही तर लेक्चरर, मग प्रमुख.

भूलवाला

@दुसरा_राउंड, दहा मिनिटं श्वास नसलेल्या पेशंटला कुठे असतात? श्वासाचं काही असेल तर ओरडून जवळचा माणूस बोलवायचा आणि भूलतज्ज्ञाला त्याच वेळी फोन. क्रम बाकीच्यांसाठी.

दुसरा_राउंड

श्वासाचं वेगळं, ते मान्य. पण "बाकीचे" कोण हे ठरवणार परत नवीन मुलगाच ना? मग मॅडमचा मूळ प्रश्न तिथेच राहिला.

वॉर्ड_सात

दोघांचंही पटतंय. रजिस्ट्रार चांगला असेल तर क्रम चालतो. नसेल तर क्रमामागे लपतात माणसं.

नवखा_आर१

मॅडम, एक सुचवू? फोन आम्ही करायचा, यातच अडचण आहे. पहिले पंधरा दिवस तुम्हीच करा ना. रात्री अकराला एक आणि पहाटे चारला एक. "काय चाललंय, कोणाची काळजी वाटतेय?" एवढंच. तुम्हीच फोन केल्यावर सांगायला लाज कसली? तो पापण्यांचा पेशंट त्याने चारच्या फोनवर नक्की सांगितला असता. गिळताना अडकतंय म्हणाला होता साडेतीनला, तेच बोलला असता.

घाटाखालची

@नवखा_आर१, हे वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. चारचा गजर लावणं मला जड नाही. पंधरा दिवस मी करेन, इमर्जन्सीच्या रात्री तर नक्कीच. आणि तुझा फोन ज्यांनी तसा ठेवला, त्यांच्या वतीने नाही पण त्याच पिढीतली म्हणून सांगते: २.६ ला फोन करायलाच हवा होता. तू बरोबर होतास.

@दुसरा_राउंड, रजिस्ट्रारचं दुखावणं मी हलकं घेत नाहीये. अजून उत्तर नाही माझ्याकडे. सध्या एवढंच ठरवतेय की मला आलेला प्रत्येक फोन मी रजिस्ट्रारला लगेच कळवेन, सकाळपर्यंत थांबणार नाही. याने पुरेल का, बघू.

डॉ_साताऱ्याचा

मॅडम, कोकण आहे तर विंचवाचंही लिहा. लाल विंचू चावलेलं पोर घामाने निथळत, हातपाय गार, अशा अवस्थेत आलं तर तेही फोनचंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून ही पोरं वाचवून दाखवली, तीही तुमच्याच भागात राहून. यवतमाळच्या मुलाला ते पुस्तकातून माहीत असेल, पण गोळी कुठल्या खणात आहे ते तुम्ही सांगायला हवं.

आणि एक राहून राहून वाटतं. पत्रात अभिनंदन म्हणजे नुसतं "मेहनतीने जागा मिळवलीत" असं नको. तो यवतमाळकडून येतोय. २०१७ साली तिथे फवारणीच्या विषबाधेने किती माणसं गेली, सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्या भागात शिकलेल्या मुलाने कीटकनाशकाचे पेशंट तुमच्या सगळ्या युनिटपेक्षा जास्त पाहिलेले असतील. तिथे तो शिकवणारा आहे.

घाटाखालची

@डॉ_साताऱ्याचा, धन्यवाद. ही ओळ तर मी पहिलीच घेणार. सगळ्यांचं वाचून रात्री पत्र पुन्हा लिहिलं. पूर्ण नाही टाकत, बदललेला भाग टाकते:

"प्रिय डॉक्टर, तुमचं अभिनंदन आणि स्वागत. तुम्ही फवारणीच्या विषबाधेचे पेशंट पाहून आला आहात. ॲट्रोपिन किती वेळा द्यायचं आणि छाती स्वच्छ झाली हे कशावरून ठरवायचं, हे पुढच्या महिन्यात एका दुपारी तुम्ही आम्हाला दाखवाल, अशी विनंती आहे. साप आणि विंचू आम्ही तुम्हाला दाखवू.

पहिले पंधरा दिवस रात्री अकरा आणि पहाटे चारला मी तुम्हाला फोन करेन. त्याआधी पुढचं काही दिसलं तर तुम्ही करायचा, विचार न करता: पापणी खाली आली, आवाज नाकातून आला, गिळताना अडकलं, एका श्वासात मोजलेला आकडा आधीपेक्षा कमी झाला, वीस मिनिटांनी नळीतलं रक्त पातळच राहिलं, विंचू चावलेलं मूल घामाने भिजून गार पडलं. आणि सिस्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगितलं की तो फोनच आहे. तुम्ही केला नाही तर त्या करतील, तशी मी त्यांना विनंती केली आहे.

श्वासाचं काही असेल तर आधी ओरडा, रजिस्ट्रार आणि भूलतज्ज्ञ एकाच वेळी, मी नंतर.

फोन पेशंटजवळ उभं राहून करा. नातेवाईक रागावले तर म्हणा, आता तुमच्या माणसाला दोन डॉक्टर बघतायत."

पुढे शब्दांची यादी आहे, ती @वॉर्ड_सात यांच्या मदतीने पूर्ण करेन. चार वर्षांपूर्वीची ती रात्र पत्रात सांगावी की नाही, यावर मात्र मन ठरत नाहीये. त्या डॉक्टरला मी विचारलं, तो आता दुसरीकडे कन्सल्टंट आहे. म्हणाला, नाव न घेता जरूर सांगा. पण पहिल्याच दिवशी हातात भीती ठेवायची का?

भूलवाला

सांगा. आणि त्यात हेही सांगा की मण्यारीचा पेशंट पूर्ण लुळा पडला, बुबुळं मोठी होऊन हलेनाशी झाली, तरी आत जागा असू शकतो, ऐकत असतो. आमच्याकडचा एक पेशंट बरा झाल्यावर कॉटपाशी काय काय बोलणं झालं होतं ते शब्दशः सांगत होता. "गेलाच बहुतेक" हेसुद्धा त्याने ऐकलेलं होतं. नव्या डॉक्टरला हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

दुसरा_राउंड

माझं मत पहिल्या दिवशी नको. पंधरा दिवसांनी, तुमचे चारचे फोन संपतील त्या दिवशी सांगा. तेव्हा त्याने स्वतः दोन-चार रात्री काढलेल्या असतील, ऐकताना त्याला कॉट डोळ्यांसमोर दिसेल.

माळरान

तुमचा पेशंट आता कुठे असतो मॅडम? त्या पोराला विचारलं का कुणी, त्या रात्री काय वाटत होतं ते?

घाटाखालची

@माळरान, दर पावसाळ्यात लावणीला येतो. मागच्या वर्षी काकड्या घेऊन वॉर्डात आला होता. त्याला हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. यंदा विचारेन.

वॉर्ड_सात

मॅडम, पत्र छान झालंय. एक अडचण सांगू? "पेशंटजवळ उभं राहून फोन करा" लिहिलंत, पण तुमच्या कॅज्युअल्टीत मोबाइलला रेंज येते का? आमच्याकडे भिंती इतक्या जाड आहेत की मुलं व्हरांड्यात जाऊनच बोलतात, आणि लँडलाइन सिस्टरांच्या टेबलाला बांधलेली, कॉटपासून वीस पावलं लांब.

घाटाखालची

अगं बाई. नाही येत. म्हणजे ती मुलं बाहेर जात होती ते यासाठीही. मी आत्ताच रुग्णालयाच्या इलेक्ट्रिशियनला निरोप ठेवलाय, उद्या रविवार आहे पण येतो म्हणालाय. लँडलाइनची वायर कॉट नंबर एकपर्यंत ओढून घेते.